राखणदार किती रात्री ठेवायचा? सार्वजनिक वस्तूची उभी बेरीज, पायरीपायरीने

अर्थशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासताना एक चूक मला दरवर्षी भेटते. तीन माणसांची मागणी दिलेली असते आणि गावासाठी दिव्यांची किंवा राखणीची योग्य संख्या काढायची असते. विद्यार्थी तिघांच्या मागणीतले नग एकमेकांत मिळवतो आणि मोकळा होतो. हीच चूक मी गावच्या बैठकीतही ऐकली आहे, फक्त तिथे तिच्यासाठी आकृती काढत नाहीत. "याला सहा रात्री हव्या, त्याला सहा हव्या, म्हणजे झाल्या बारा," असा तो हिशोब असतो. त्याच्या शेजारी दुसरी चूक बसलेली असते: "पैसे कोणी देत नाही, म्हणजे गरजच नाही." दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. ते समजावं म्हणून एकच उदाहरण घेऊन सगळा हिशोब तडीस नेतो. आकडे मी समजण्यासाठी धरले आहेत, पण मांडणी खरी आहे.

शिवार सातपुड्याच्या पायथ्याचं आहे, यावल-चोपड्याच्या बाजूला असतं तसं. एका अंगाला खोल नाला, दुसऱ्या अंगाला टेकडी आणि आत यायला एकच पाणंद. मोकाट गुरं, रानडुकरं आणि मोटारीची केबल कापून नेणारे, सगळे याच वाटेने येतात. आत तिघांची शेतं आहेत. आबांची केळी आहे. नानांचा कापूस आहे. बापूंचा थोडासा हरभरा आहे, तोही गावाच्या कडेला. पाणंदेच्या तोंडाशी रात्री एक राखणदार बसवायचा आहे आणि त्याची एका रात्रीची मजुरी ३६० रुपये आहे. महिन्यात त्याला किती रात्री बसवावं, एवढाच प्रश्न आहे.

## तयारी: आधी वस्तू ओळखा

कागदावर आकडा लिहिण्याआधी दोन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न असा: एकाने उपभोग घेतला तर दुसऱ्याचा वाटा कमी होतो का? राखणदाराने पाणंदेवर डुकरांचा कळप परतवला की आबांची केळी वाचली, आणि त्याच क्षणी नानांचा कापूसही वाचला. आबांची केळी वाचल्यामुळे नानांचं संरक्षण तसूभरही घटलं नाही. विहिरीच्या पाण्याचं तसं नाही. आबांनी रात्री दोन तास मोटार जास्त चालवली तर सकाळी नानांच्या वाट्याला गाळ येतो.

दुसरा प्रश्न: पैसे न देणाऱ्याला बाहेर ठेवता येतं का? राखणदाराला "नानांचं शेत सोडून बाकी राख" असं सांगता येत नाही. वाटेवरून परत गेलेलं डुकरू सगळ्यांसाठीच परत गेलेलं असतं. याउलट, त्याच माणसाला नानांच्या बांधावर बसवलं तर ती नानांची खाजगी राखण होते आणि या लेखातली रीत तिथे लागत नाही.

दोन्ही उत्तरं "नाही" आली तरच पुढे जा. पहिल्याच प्रश्नाचं उत्तर "होय" असेल तर बेरीज आडवी, म्हणजे नगांची. पहिल्याचं "नाही" पण दुसऱ्याचं "होय" असेल, उदाहरणार्थ तिकीट लावून दाखवलेला तमाशा, तर योग्य संख्या काढायला बेरीज उभीच करायची. फरक इतकाच की तिथे फाटकावर पैसे वसूल करता येतात, त्यामुळे फुकट्यांचा त्रास कमी असतो.

सावध: "सार्वजनिक" हा शब्द ऐकून फसू नका. सरकारने दिलेली प्रत्येक गोष्ट सार्वजनिक वस्तू नसते. रेशनचा गहू सरकार देतं, पण तो एकाने खाल्ला की दुसऱ्याला उरत नाही. कोण देतं हे इथे पाहायचं नाही, एकाच नगाचा लाभ एकाच वेळी कितीजण घेऊ शकतात हे पाहायचं आहे.

## टप्पा १: नग आणि त्याचा खर्च पक्का करा

"राखण हवी की नको" असा प्रश्न घेऊन बसलात तर हिशोब होणारच नाही. नग असा हवा की तो एकेकाने वाढवता येईल. इथे नग आहे महिन्यातली एक रात्र.

नंतर विचारा, आणखी एक रात्र वाढवायला किती खर्च येतो? यालाच सीमांत खर्च म्हणतात. आपला राखणदार रोजंदारीवर आहे, त्यामुळे तिसरी रात्र असो की तेरावी, वाढीव खर्च ३६० रुपयेच. एखाद्या कामात सुरुवातीचा मोठा खर्च असतो, जसं रात्रीच्या पहाऱ्यासाठी मचाण बांधायचं असेल तर. तो खर्च या ३६० मध्ये मिसळू नका. मचाण बांधावं की नाही हे शेवटी एकूण लाभाशी ताडून ठरवायचं. रात्री किती, हे फक्त वाढीव खर्चावर ठरतं.

## टप्पा २: प्रत्येकाची मागणी नीट विचारून घ्या

सगळ्यात जास्त बिघाड इथे होतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

"तुम्हाला महिन्याला राखणीचे किती पैसे परवडतील?" असं विचारलं की माणूस एकूण रक्कम सांगतो. आपल्याला एकूण नको, शेवटच्या रात्रीची किंमत हवी. म्हणून प्रश्न असा घाला: "दहा रात्री राखण आहेच असं धरा. आणखी एक रात्र वाढवायची तर जास्तीत जास्त किती द्याल?" हाच प्रश्न दोन, सहा, दहा, चौदा, अठरा रात्रींवर विचारत जा. माणसाला आधी आपलं नुकसान मोजायला लावा. केळीचा एक घड गेला तर किती जातात, केबल गेली तर नवी टाकायला किती लागतात आणि तोवर मोटार किती दिवस बंद राहते. हवेतला आकडा आणि नुकसान मोजून काढलेला आकडा यांत बराच फरक पडतो.

रात्री वाढतील तशी पुढच्या रात्रीची किंमत उतरते आणि त्याला कारण आहे. पहिल्या काही रात्री आपण सर्वांत धोक्याच्या निवडतो: अमावास्येच्या पुढच्या-मागच्या, आणि ज्या आठवड्यात शेतीची वीज दिवसा असते त्या. वीज रात्रीची असली की पाणी भरायला माणसं शिवारात असतातच, बॅटऱ्या चमकत असतात. दिवसाच्या पाळीत मात्र शिवार सुनं पडतं. धोक्याच्या रात्री झाकल्या गेल्या की उरतात त्या चांदण्याच्या, वर्दळीच्या. त्यांना राखणदार लागतो, पण तितका नाही.

आता तिघांची उत्तरं अशी आली असं धरू:

- आबा: किंमत = ४८० − २० × रात्री
- नाना: किंमत = ३०० − १० × रात्री
- बापू: किंमत = १०० − १० × रात्री, आणि दहा रात्रींनंतर शून्य

ताळा: प्रत्येकाच्या सूत्रात मोठी संख्या घालून पाहा. बापूंच्या सूत्रात १४ रात्री घातल्या तर उणे ४० येतात. बापूंना चौदाव्या रात्रीचा काही त्रास नाही, फक्त उपयोग नाही. म्हणून तिथे उणे आकडा न लिहिता शून्य लिहायचं. ही नोंद आत्ताच करून ठेवा, चौथ्या टप्प्यावर तिची गरज पडणार आहे.

## टप्पा ३: एकेकटे सोडले तर काय होईल ते आधी काढा

हा टप्पा बहुतेकजण गाळतात आणि थेट बेरजेवर उडी मारतात. मग फुकटेगिरी कुठून आली ते कळतच नाही, आणि ती नुसती माणसाची खोड वाटू लागते.

आबा स्वतःच्या खिशातून राखणदार लावायला निघाले तर कुठे थांबतील? जिथे पुढची रात्र त्यांना ३६० रुपयांचीच वाटेल तिथे. ४८० − २० × रात्री = ३६०, म्हणजे ६ रात्री. नानांना पहिल्या रात्रीचेही ३०० च्या वर द्यायचे नाहीत, तेव्हा ते एकटे एकही रात्र लावणार नाहीत. बापूंचा तर प्रश्नच नाही.

म्हणजे शिवारात ६ रात्री राखण होते आणि तिचे सगळे २१६० रुपये आबा भरतात. इथे नानांनी काय चोरलं? काहीच नाही. सहा रात्री झाल्यावर सातवी रात्र वाढवण्याची नानांना वाटणारी किंमत साधारण २४० आहे आणि खर्च आहे ३६०. स्वतःच्या शेताचा हिशोब करणारा कोणताही शहाणा माणूस इथे हात आखडेल.

आता तिघांच्या किमती त्याच सहा रात्रींवर शेजारी ठेवा: आबा ३६०, नाना २४०, बापू ४०. एकत्र ६४०. पुढच्या एका रात्रीला खर्च ३६०, आणि शिवाराला तिचा लाभ जवळजवळ ६४०. तरीही ती रात्र कोणीच विकत घेत नाही, कारण खर्च एकाच्या खिशातून जातो आणि लाभ तिघांत वाटला जातो.

फुकटेगिरी दोन प्रकारची असते आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. पहिली ही, जी आत्ता पाहिली: कोणी खोटं बोललं नाही, तरी राखण कमी पडली. दुसरीत माणूस आपली खरी गरज लपवतो. "माले राखनदार नही जोयजे, मना मळा गावना जोडेच शे," असं बापू म्हणाले तर त्यात बरंचसं तथ्य आहे. तेच वाक्य नाना म्हणाले तर नाही. या दुसऱ्या प्रकाराचा हिशोब सहाव्या टप्प्यावर करू.

सावध: "कोणी पैसे देत नाही, म्हणजे मागणी नाही" हा निष्कर्ष इथेच मोडतो. नानांनी एक रुपयाही दिलेला नाही, आणि सहा रात्रींचा त्यांना मिळालेला लाभ १६२० रुपयांचा आहे: त्यांची किंमत ३०० वरून २४० वर उतरते, सरासरी २७०, गुणिले सहा.

## टप्पा ४: उभी बेरीज

आता मूळ काम. आकृती काढत असाल तर आडव्या रेषेवर रात्री, उभ्या रेषेवर रुपये. तिघांचे मागणी वक्र एकाच कागदावर न गिचमिडता एकाखाली एक काढा, आडवं माप मात्र तिन्हींत सारखं ठेवा. मग सहा रात्रींवर पट्टी उभी ठेवा आणि तिन्ही उंच्या मिळवा. दहावर ठेवा, मिळवा. चौदावर ठेवा, मिळवा.

पट्टी उभी का, हे एकदा मनात बसलं की चूक होत नाही. बाजारातल्या कांद्याचा भाव सगळ्यांना सारखा असतो आणि प्रत्येकजण आपापले किलो ठरवतो. म्हणून तिथे भाव धरून किलो मिळवायचे. राखणीचं उलटं आहे. चौदा रात्री राखण झाली तर ती तिघांसाठीही चौदाच रात्री झाली; नानांना दहा आणि आबांना चौदा असं होऊच शकत नाही. इथे नग सगळ्यांना सारखा आणि किंमत ज्याची त्याची वेगळी. म्हणून नग धरायचा आणि किमती मिळवायच्या.

| रात्री | आबा | नाना | बापू | एकत्र |
|---|---|---|---|---|
| २ | ४४० | २८० | ८० | ८०० |
| ६ | ३६० | २४० | ४० | ६४० |
| १० | २८० | २०० | ० | ४८० |
| १४ | २०० | १६० | ० | ३६० |
| १८ | १२० | १२० | ० | २४० |

सूत्राने करायचं तर दोन तुकडे पाडावे लागतात. दहा रात्रींपर्यंत तिघेही हिशोबात आहेत: ८८० − ४० × रात्री. दहाच्या पुढे बापू बाहेर पडतात आणि उरतात दोघे: ७८० − ३० × रात्री. एकत्र वक्राला दहावर वाकण येतं. तुमची एकत्र रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ आली असेल तर कुठेतरी कोणाचे तरी उणे आकडे तुम्ही आत घेतले आहेत.

ताळा: एकत्र आकडा त्या ओळीतल्या कोणत्याही एकट्याच्या आकड्यापेक्षा कमी असूच शकत नाही. कमी आला तर बेरजेऐवजी सरासरी काढली गेली आहे.

## टप्पा ५: खर्चाशी छेद

एकत्र किंमत जिथे ३६० होते तिथे थांबा. तक्त्यात ती १४ रात्रींवर होते. सूत्रानेही ७८० − ३० × रात्री = ३६०, म्हणजे १४. सर्वांच्या सीमांत लाभांची बेरीज बरोबर सीमांत खर्च, ही अट पॉल सॅम्युएलसन यांनी १९५४ मध्ये मांडली आणि पुस्तकांत ती त्यांच्याच नावाने येते.

छेद घेताना तीन प्रकारच्या चुका होतात. तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येतात, त्यामुळे उत्तरावरूनच चूक ओळखता येते.

उत्तर १३ आलं असेल तर वाकण विसरलात. ८८० − ४० × रात्री = ३६० सोडवलं की १३ येतात, पण तेराव्या रात्रीवर बापूंचे उणे ३० रुपये त्यात शिरलेले असतात. फक्त एका रात्रीचा फरक आहे, म्हणून ही चूक सहज निसटते.

उत्तर ६ आलं असेल तर बेरीज आडवी केलीत. ३६० भावाला आबांच्या ६, नानांच्या ०, बापूंच्या ०. मिळून ६. हे आणि तिसऱ्या टप्प्यावरचं एकेकट्याचं उत्तर सारखंच आलं आहे, हे मुद्दाम पाहा. आडवी बेरीज करणारा जणू असंच धरून चालतो की आबांची रात्र नानांच्या उपयोगाची नाही.

उत्तर ३६ आलं असेल तर आधी खर्च तिघांत समान वाटून मग आडवी बेरीज केलीत. १२० रुपयांना आबांना १८ रात्री हव्या, नानांनाही १८, बापूंना शून्य. मिळवले तर ३६. महिना तीस दिवसांचा आहे एवढं जरी आठवलं तरी ही चूक हातात सापडते. आबांच्या अठरा आणि नानांच्या अठरा या त्याच अठरा रात्री आहेत.

सहावरून चौदावर गेल्याने शिवाराचा किती फायदा झाला तेही काढून ठेवा, बैठकीत विचारतात. सहा रात्रींवर तिघांचा एकूण लाभ ४५६० आणि खर्च २१६०, शिल्लक २४००. चौदा रात्रींवर लाभ ८४८०, खर्च ५०४०, शिल्लक ३४४०. म्हणजे महिन्याला १०४० रुपये असेच शिवारात पडून होते.

## टप्पा ६: वाटणी, आणि ती कुठे फसते

१४ हा आकडा काढणं आणि ५०४० रुपये गोळा करणं ही दोन वेगळी कामं आहेत. उभी बेरीज पहिलं काम करते. दुसऱ्याची हमी ती देत नाही, आणि अनेकजण इथेच गाडी पुढे ढकलतात.

एक सरळ रीत अशी की प्रत्येकाने आपल्याला वाटणाऱ्या शेवटच्या रात्रीच्या किमतीइतका दर द्यावा. चौदाव्या रात्रीवर आबा २००, नाना १६०, बापू ०. दर रात्रीला बरोबर ३६० जमतात. या वैयक्तिक दरांना लिंडालच्या किमती म्हणतात. या दरांना आबांना स्वतःहून १४ रात्री हव्या वाटतात, नानांनाही १४, आणि बापूंची हरकत नसते. आबा महिन्याला २८०० भरतात, नाना २२४०.

कागदावर हे फार देखणं दिसतं. आता नानांच्या जागी बसा.

आबा एकटे सहा रात्री लावत होते तेव्हा नाना एक पैसाही न देता १६२० चा लाभ घेत होते. नव्या वाटणीत त्यांचा लाभ ३२२० होतो, भरणा २२४०, शिल्लक ९८०. शिवाराचा फायदा वाढला आणि नानांचा घटला! नाना या बैठकीला उशिरा का येतात ते यावरून कळावं.

आणि आलेच, तर ते म्हणतील, "माझंही बापूंसारखंच धरा." समजा सगळ्यांनी ते खरं मानलं. मग कागदावर नानांची मागणी १०० − १० × रात्री होते, एकत्र रेषा ६८० − ४० × रात्री होते आणि उत्तर येतं ८ रात्री. आठव्या रात्रीवर आबांचे ३२०, नानांचे २०, बापूंचे २०. नाना महिन्याला फक्त १६० रुपये भरतात. त्यांचा खरा लाभ आठ रात्रींवर २०८० आहे, शिल्लक १९२०. खरं बोलले असते तर ९८०, खोटं बोलून १९२०. हीच दुसऱ्या प्रकारची फुकटेगिरी. सगळ्या शिवाराची शिल्लक मात्र ३४४० वरून २८८० वर उतरते, आणि आबांची तर १९६० वरून ६४० वर.

लक्षात घ्या, तीन माणसांत नानांना खोट्याची काही किंमत तरी मोजावी लागली: चौदाच्या आठ रात्री झाल्या. शिवारात दीडशे खातेदार असते तर एकट्या नानांच्या खोट्याने अर्धी रात्रही कमी झाली नसती. राखण जवळजवळ पूर्ण मिळाली असती आणि वर्गणी वाचली असती ती वेगळीच. म्हणून गट मोठा होतो तशी फुकटेगिरी बोकाळते. तीनजणांत एकमेकांच्या शेतात काय आहे ते डोळ्यांना दिसतं. दीडशेंत फक्त यादी दिसते.

मग करायचं काय? नुसत्या बोलण्यावर वाटणी करू नका. दिसणाऱ्या गोष्टीवर करा. केळीचं एकर, कापसाचं एकर आणि हरभऱ्याचं एकर यांचे दर आधी ठरवा, मग क्षेत्र मोजा. नाना आपली गरज लपवू शकतील, कापूस लपवू शकणार नाहीत. पांझरा नदीकाठच्या फड पद्धतीत, म्हणजे सामूहिक सिंचनाच्या जुन्या रीतीत, मला हे शहाणपण दिसतं. एका फडात, म्हणजे जमिनीच्या एका पट्ट्यात, एका हंगामाला एकच पीक, आणि नेमलेला जागल्या पाणी-पिकावर लक्ष ठेवायला. पीक एकच असलं की एकराची राखणीची गरज जवळपास सारखी होते आणि कोणी "माझी गरज वेगळी" म्हणायला जागा उरत नाही. हा अर्थ मी लावलेला आहे. फड मुळात पाण्यासाठी पडले.

दुसरी रीत म्हणजे अट घालून वर्गणी: "महिनाअखेर ५०४० जमले तरच राखणदार लागेल, नाहीतर ज्याचे पैसे त्याला परत." याने आपण एकटेच अडकू ही भीती जाते. गरज लपवण्याचा मोह मात्र राहतोच. माणसाला खरं बोलणंच फायद्याचं ठरावं असे करही अर्थशास्त्रज्ञांनी शोधले आहेत. एडवर्ड क्लार्क यांनी १९७१ मध्ये मांडलेला त्यांतला प्रसिद्ध आहे. पण त्यात जमा होणारी जादा रक्कम पुन्हा त्याच लोकांत वाटता येत नाही, नाहीतर खरं बोलण्याचं कारणच संपतं. आमच्याकडच्या कोणत्या बैठकीत हे कोणी ऐकून घेईल असं मला वाटत नाही.

सावध: समान वर्गणी आणि मग हात वर करून मतदान, हा मार्ग सोपा वाटतो. १२० रुपये प्रत्येकी धरले तर आबा आणि नाना दोघेही १८ रात्रींसाठी हात वर करतील आणि ठराव दोन विरुद्ध एकने मंजूर होईल. अठराव्या रात्रीवर एकत्र किंमत २४० आणि खर्च ३६०. राखण या वेळी जास्त झाली. बापूंनी २१६० भरले आणि त्यांना सगळा मिळून ५०० चा लाभ झाला. बहुमताने झालेला निर्णय योग्य संख्येचा असतोच असं नाही, आणि राखण नेहमी कमीच पडते असंही नाही. पैसे कसे गोळा करता यावर ते ठरतं.

## टप्पा ७: हंगाम बदलला की यादी नव्याने

गेल्या वर्षीचा आकडा यंदा वापरू नका. समजा बापूंनी पुढच्या हंगामात हरभरा सोडून शिवाराच्या मधोमध कापूस लावला आणि त्यांची मागणी नानांसारखीच झाली: ३०० − १० × रात्री. आता तिघेही बरेच पुढपर्यंत हिशोबात राहतात, चोविसाव्या रात्रीपर्यंत रेषेला वाकण येत नाही, आणि एकत्र किंमत १०८० − ४० × रात्री. ३६० शी छेद १८ वर. अठराव्या रात्रीवर आबांचे १२०, नानांचे १२०, बापूंचेही १२०.

गेल्या वर्षी ज्या समान वर्गणीने आणि हात वर करून घेतलेल्या ठरावाने राखण जास्त झाली होती, तोच ठराव यंदा शब्दही न बदलता बरोबर निघतो. आबा मात्र एकटे सोडले तर अजूनही सहाच रात्री लावतील.